बारावं नाव

हंबीरराव ग्रामसेवक होते, म्हणून गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. पेठ वडगावच्या पलीकडच्या त्या गावात ते नऊ वर्षं होते आणि कुणाचा कागद अडवून चहा पिणारे म्हणून त्यांची ख्याती नव्हती. एकदाच त्यांनी एक कागद अडवला, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

ते अठ्ठ्याण्णव साल होतं. जूनमध्ये रुद्राप्पा गुळव्याची थोरली मुलगी वर्षाराणी ग्रामपंचायतीत आली. दहावीला सदुसष्ट टक्के मिळवूनही घरच्या अडचणीमुळं ती दोन वर्षं घरातच बसली होती.

"भाऊसाब, रहिवासी दाखला पायजे हुता," ती म्हणाली. "कोल्हापूरच्या आयटीआयचा फॉर्म भरायचाय. इलेक्ट्रॉनिक्सचा. शनिवारपतोर मुदत हाय."

भाऊसाहेबांनी अर्ज ठेवून घेतला. त्याच आठवड्यात त्यांच्या डोक्यावर ट्रायसेम योजना बसली होती. दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या पोरापोरींना सरकार फुकट शिकवायचं आणि वर महिन्याला विद्यावेतन द्यायचं. गावात शिवणकामाचा वर्ग मंजूर झाला होता. बारा बायका पाहिजे होत्या. अकरा मिळाल्या होत्या आणि तालुक्याहून दोनदा निरोप आला होता की यादी पुरी करा. रुद्राप्पाचं घर दारिद्र्यरेषेच्या यादीत होतं, पोरगी अठरा पूर्ण होती.

"उद्या ये," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "शिक्का न्हाय, सरपंचांकडं हाय." शनिवारी ते तालुक्याला निघून गेले. सोमवारी स्वतःच रुद्राप्पाच्या घरी गेले.

"आयटीआय म्हंजे दोन वर्षं एसटीचा खर्च," ते रुद्राप्पाला म्हणाले. "हितं गावातच सहा म्हयने. वर पोरीच्या हातात पैसं. सर्टिफिकेट सरकारी. मग मशीनला बँकेचं कर्ज, त्यात सूट."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. रुद्राप्पानं बायकोकडं, रत्नव्वाकडं पाहिलं, रत्नव्वानं मान डोलावली. वर्षाराणी चुलीपाशी पाठमोरी बसून होती. भाऊसाहेबांनी तिथंच कागदावर बारावं नाव लिहिलं.

सहा महिन्यांनी प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढले. मग बारा जणींनी बँकेत अर्ज दिले. बँकेचा साहेब म्हणाला, एवढ्याशा गावात आधीच चार शिंपी आहेत, त्यात बारा मशिनी चालणार कशावर? तिघींना कर्ज मिळालं. बाकीच्यांचे कागद परत आले. वर्षाराणीचा त्यात होता. काही दिवस तिनं शेजारणीच्या मशिनीवर साड्यांना फॉल लावून दिले. मग ती आईबरोबर दुसऱ्यांच्या शेतात भांगलणीला जाऊ लागली. दोन वर्षांनी लग्न करून हुपरीला गेली.

रस्त्यात खुरपं घेऊन चाललेली वर्षाराणी दिसली की भाऊसाहेब सायकलची घंटी वाजवत पुढं जायचे. तालुक्याच्या अहवालात तो वर्ग 'शंभर टक्के यशस्वी' होता. ते वाक्य त्यांच्याच हातचं होतं.

दोन हजार चारच्या जूनमध्ये पुन्हा एक मुलगी रहिवासी दाखला मागायला आली. वर्षाराणीची धाकटी बहीण, प्रेरणा. दहावीला एकाहत्तर टक्के.

"कशाला गं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"कॉम्प्युटरचा कोर्स हाय वडगावात. शासनमान्य. निम्मी फी सरकार भरतंय म्हणं. निम्मी आपण, सहा हजार."

भाऊसाहेबांनी तिच्यासमोरच दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला. मग म्हणाले, "हा तुझा. पण पैसं भरायच्या आधी मला दोन दिवस दे."

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं हुपरीला गेले. का गेले, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. वर्षाराणी सोप्यात बसून चांदीच्या कड्या जोडत होती, शेजारी पाळण्यात मूल होतं. ग्रॅमवर मजुरी मिळायची. तिनं पाणी दिलं.

"वर्षाराणी, त्या वेळी शिक्का ग्रामपंचायतीतच हुता," भाऊसाहेब म्हणाले. "मी मुद्दाम दाखला दिला न्हाय. मला बारावं नाव पायजे हुतं."

तिचे हात थांबले नाहीत. "म्हाईत हाय. शुक्रवारी शिपायानं सांगितलंतं मला, शिक्का टेबलावरच हाय म्हणून."

"मग बोललीस का न्हाईस?"

"कुणाला बोलू? तुमालाच?"

पाळण्यातलं मूल कुरकुरलं, तिनं पायानं झोका दिला. मग त्यांनी प्रेरणाच्या कोर्सचं सांगितलं.

"तिथं फळ्यावर काय लिवलंय ते बघू नका," ती म्हणाली. "मागल्या साली शिकलेल्या पोरींची नावं मागा. आन् त्या पोरींच्या घरी जावा. सर्टिफिकेटवर कुणाचा शिक्का असतो ते इचारा. आन् ज्यांनी कामावर घ्यायचं, त्यांनाच आधी इचारा की, तुमी कुणाला घेता. मला त्या वेळी कुणी ह्यातलं कायबी सांगितलं न्हाय."

भाऊसाहेब वडगावच्या त्या वर्गात गेले. संचालकानं आधी चहा मागवला. सरकार निम्मी फी भरतं त्याचं पत्र दाखवा म्हटल्यावर तो म्हणाला, प्रस्ताव पाठवलाय. मागच्या वर्षीच्या मुलींची नावं विचारली तर म्हणाला, वही घरी आहे. वडगावातच चौकशी केल्यावर दोघी सापडल्या. एक एसटीडी बूथवर बसायची, दुसरी घरीच होती. दोघींच्या प्रमाणपत्रांवर त्या वर्गाचाच शिक्का होता.

मग ते प्रेरणाला आणि रुद्राप्पाला घेऊन शिरोलीच्या एमआयडीसीत गेले. तीन कारखान्यांच्या गेटवर वॉचमननं परतवलं. चौथ्या ठिकाणी एका सुपरवायझरला दया आली.

"पावणं, खाजगी सर्टिफिकेटवर आमी घेत न्हाय," तो म्हणाला. "आयटीआयचं पायजे, तेबी एनसीव्हीटीचं, म्हंजे देशभर चालणारं. मेकॅनिकल ड्राफ्ट्समनची पोरं कमी मिळत्यात. ड्रॉइंग वाचता येणारं माणूस कास्टिंगवाल्या प्रत्येकाला लागतंय. आधी वर्षभर अप्रेंटिस घेतो, कायद्यानं विद्यावेतन देतो."

"पोरगी घ्याल?" रुद्राप्पानं विचारलं.

"ड्रॉइंग रूममधी एक हायच की."

कोल्हापूरच्या आयटीआयत त्या ट्रेडला दहावीचं गणित-विज्ञान लागत होतं, फी किरकोळ होती. कोणत्या ट्रेडला एनसीव्हीटीची मान्यता आहे, हे भाऊसाहेबांनी खिडकीवर विचारून घेतलं आणि फॉर्मवरचा क्रम प्रेरणाच्या हातून भरून घेतला. दुसऱ्या यादीत तिचं नाव लागलं. दोन वर्षं वडगावची पहिली गाडी, मग वर्षभर शिरोलीत अप्रेंटिस, मग परीक्षा. दोन हजार सातच्या अखेरीस एका कास्टिंगच्या कारखान्यात तिला पक्की नोकरी लागली.

पहिल्या पगाराला रत्नव्वानं घरी जेवण घातलं. वर्षाराणीही माहेरी आली होती. भाऊसाहेबांना पाटावर बसवलं, टिळा लावला. प्रेरणा त्यांच्या पाया पडली.

"तुमी नसता तर मी त्या कॉम्प्युटरवाल्याकडं पैसं घालून बसले असते," ती म्हणाली. "ह्या घराचं तुमी लई केलंय, भाऊसाब."

भाऊसाहेबांच्या हातात घास होता. तो त्यांनी पुन्हा ताटात ठेवला. सगळ्यांसमोर बोलून टाकावं असं त्यांना वाटलं. "प्रेरणा, एक सांगायचं हाय..." त्यांनी सुरुवातही केली.

पुरणपोळी वाढायला वाकलेली वर्षाराणी हळूच म्हणाली, "नगं भाऊसाब. तिच्या आनंदाचा दिस हाय. तुमाला हलकं वाटावं म्हणून तिला कशाला सांगताय?"

तिनं पोळीवर तूप सोडलं आणि ती पुढच्या पानाकडं वळली. भाऊसाहेब मान खाली घालून जेवले. सगळं ताट संपवलं. परत निघताना वर्षाराणी दारापर्यंत आली नाही, आणि ती येईल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.