दोन साहेबांचा एक माणूस

आमच्या संस्थेची नवी रचना कापूरहोळच्या एका ढाब्यामागच्या हॉलमध्ये जाहीर झाली. पुण्याहून आलेल्या मॅडमनी फळ्यावर चौकोन काढले आणि सगळ्यात खालच्या चौकोनाकडे बोट दाखवलं. तो मी होतो. माझ्या चौकोनातून दोन रेघा वर जात होत्या. एक ठळक, वेल्ह्याच्या तालुकाप्रमुखांकडे. दुसरी तुटक, नसरापूरच्या डॉक्टरसाहेबांकडे. बाकी कुणाच्या वाट्याला दोन रेघा नव्हत्या, म्हणून मला बढती मिळाल्यासारखं वाटलं. घरी येऊन बायकोला तसंच सांगितलं.

"मला येक सासू हाय," ती म्हणाली. "तुमाला दोन झाल्या." तिला मॅनेजमेंटमधलं काय कळतंय, असं मनाशी म्हणून मी हसलो.

मी पशुसेवक. शेळ्यामेंढ्यांना लस टोचणं, जंताचं औषध पाजणं, आजारी जनावर दिसलं की डॉक्टरांना कळवणं, हे माझं काम. नोकरीला लागलो तेव्हा संस्थेत कामाप्रमाणे विभाग होते. जनावरांचा, चाऱ्याचा, बचतगटांचा. तिन्हींचे प्रमुख नसरापूरला बसत. माझे साहेब म्हणजे डॉक्टर, विषय संपला. काय चुकलं ते त्यांना कळायचं आणि कुणी झापायचं हेही ठरलेलं असायचं. अडचण वाडीवर यायची. सोमवारी मी जायचो, मंगळवारी चाऱ्यावाला, बुधवारी बचतगटाची ताई, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसायचा. वाडीवर कुणी मला चाऱ्याचं बियाणं मागितलं, तर तो निरोप माझ्या साहेबांकडून संचालकांकडे आणि तिथून चाऱ्याच्या साहेबांकडे जाईपर्यंत पेरणी उरकलेली असायची.

मग तालुक्याप्रमाणे वाटणी झाली. भोरचं केंद्र वेगळं, वेल्ह्याचं वेगळं, प्रत्येकाचा आपला प्रमुख, आपली माणसं, आपला फ्रीज. मी वेल्ह्यात गेलो. साहेब पुन्हा एकच, फक्त बदलले. वाडीवर आम्ही एकाच गाडीतून जायला लागलो, ते झकास झालं. पण आमचे प्रमुख शेतीतले. शेळी शिंकली तर काय करायचं हे ते मलाच विचारायचे आणि मी आत्मविश्वासाने काहीही सांगायचो. भोरमध्ये लसीकरण वेळेवर व्हायचं, आमच्याकडे चाऱ्याचे प्लॉट उत्तम यायचे. डॉक्टर नसरापूरला सल्लागार म्हणून उरले होते आणि त्यांचा सल्ला कुणी घेत नव्हतं.

या दोन्हींतलं चांगलं तेवढं उचलायचं म्हणून दोन रेघा आल्या. मी कुठं जायचं, कधी जायचं ते तालुकाप्रमुख बघणार, लस कशी आणि कोणत्या हंगामात द्यायची ते डॉक्टर. दोघांचं एकाच दिवशी वेगवेगळं म्हणणं पडलं तर शेवटचा शब्द कुणाचा, हे मात्र फळ्यावर नव्हतं. कुणी विचारलंही नाही. मला तर सुचणं शक्यच नव्हतं, मी माझ्या दोन रेघा न्याहाळत होतो.

आमच्याकडे थोरामोठ्यांना तोंडावर नाही म्हणत नाहीत. "व्हय, करतो की," म्हणायचं आणि मग जमेल तसं बघायचं. एक साहेब असताना हे खपून जायचं. त्या उन्हाळ्यात डॉक्टरांचा फोन आला. गुंजवण्याच्या वरच्या अंगाला एका वाडीवर शेळ्यांत पीपीआरची, म्हणजे शेळ्यामेंढ्यांच्या प्लेगची, साथ लागली होती. शेजारच्या वाडीला लागण व्हायच्या आत गुरुवारी सकाळी लस द्यायची होती, शेळ्या चरायला सुटण्याआधी. मी "व्हय" म्हणालो. संध्याकाळी तालुकाप्रमुख म्हणाले, गुरुवारी सकाळी देणगीदार पाहुणे येणार, केंद्रावर थांब. मी म्हणालो, "व्हय." दोघांनाही खूश ठेवलं म्हणून रात्री मी निवांत झोपलो.

त्या शेजारच्या वाडीवर एक मावशी आहेत. नवरा गेल्यापासून घर शेळ्यांवरच चालतं. मी त्यांना शेळ्या बांधून ठेवायचा निरोप दिला होता. गुरुवारी पाहुणे उशिरा आले आणि मी त्यांना फ्रीज दाखवत बसलो. लस त्यात नव्हती, ती माझ्या मोटरसायकलवर, बर्फाच्या डब्यात होती. वर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि बर्फाचं पाणी झालं होतं. तापलेली लस टोचणं म्हणजे नुसतं पाणी टोचणं. एवढं मला कळतं.

मावशी गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. उपाशी शेळ्या आत ओरडत होत्या.

"डाक्टरला फोन लावला," त्या म्हणाल्या. "त्यो म्हनला, कुठं धाडायचं ते तालुक्याचं सायेब ठरवत्यात. त्यास्नी लावला, तर त्ये म्हनलं लसीचं डाक्टर बघत्यात. मंग म्या कुनाला इचारू?"

दोघंही खरंच बोलले होते. दोन साहेबांत मावशींना एकही मिळाला नव्हता, आणि त्यांच्यापुढे उभा मी, दुप्पट महत्त्वाचा माणूस, घाम पुसत होतो. मला लाज वाटली. तरी मी म्हणालोच, "मावशी, सोमवारी नक्की येतो." त्यांनी शेळ्या सोडल्या.

रविवारी तालुकाप्रमुखांचा फोन आला, सोमवारी चाऱ्याचं प्रशिक्षण आहे. तोंडात "व्हय" आलंच होतं. ते गिळलं आणि म्हणालो, "साहेब, धरा जरा." डॉक्टरांना त्याच फोनवर घेतलं. कॉल जोडताना दोनदा कट झाला, तिसऱ्यांदा जमला.

"तुमी दोघं आधी बोला," मी म्हणालो, "मंग मला सांगा."

डॉक्टर म्हणाले, मला वाटलं त्याने तुम्हाला सांगितलंय. तालुकाप्रमुख म्हणाले, मला वाटलं तुमच्याशी बोलूनच तो थांबलाय. दोघंही सभ्य माणसं, एकमेकांवर चिडले नाहीत. ज्याच्यावर चिडावं तो माणूस मध्ये फोन धरून उभा होता. शेवटी ठरलं की साथ असेल तेव्हा डॉक्टरांचा शब्द वरचा, बाकी दिवसांचा कार्यक्रम तालुक्याचा, आणि बदल करायचा तर दोघांनी आधी आपसात बोलायचं. हे सांगायला पाच मिनिटं लागली. कापूरहोळला आम्ही जेवणासकट अख्खा दिवस घालवला होता.

सोमवारी उजाडताना मी वर होतो. बर्फ कडक होता. मावशींनी एकेक शेळी कानाला धरून पुढे केली आणि मी टोचत गेलो. कोपऱ्यात एक काळी शेळी बसून होती, नाक वाहत होतं, अंग तापलं होतं. तापातल्या जनावराला लस देत नाहीत. मी डॉक्टरांना फोन केला, ते दुपारी स्वतः आले, इंजेक्शनं दिली. शेळी चार दिवसांनी गेली. गुरुवारी लस दिली असती तर वाचली असती का, असं मी डॉक्टरांना विचारलं. लागण आधीच झाली असेल, सांगता येत नाही, असं ते म्हणाले. मला त्या उत्तराचा आधार घ्यावासा वाटतो आणि घेता येत नाही.

दोन रेघा अजून आहेत. रचना वाईट नाही, आता चांगली चालते. वाडीला चारा आणि लस एकाच फेरीत मिळते, आणि मी कुठं आहे ते दोन्ही साहेबांना ठाऊक असतं. परवा पावसाआधीच्या लसीसाठी मावशींना फोन केला.

"बुधवारी येतो," मी म्हणालो.

"दोगास्नी इचारलंस का?"

"व्हय."

त्या म्हणाल्या, "व्हय नगं म्हनूस. तू हितं आलास की मंग म्या शेळ्या बांदीन."