नाळेचं पान शेवटी ठेवलं

दायणीचं काम मी दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून शिकले. लिहिणं-वाचणं त्याच्या आधीच, घरच्या घरी. म्हणून आलापल्लीकडे बायकांच्या मेळाव्यात बाळंतपणावर बोला म्हटलं, तेव्हा वहीची आठ पानं भरली. वीस मिनिटं मिळणार होती.

मांडवात गेले तर मेळावा भरवणारे भाऊ घामाघूम.

"बाई, साहेब लवकर येऊन राह्यले. तुमचं दहा मिनिटांत उरका."

"भाऊ, आठ पानं हायेत."

"मंग चार वाचा. तुमी बाया घरी काय कमी बोलता?"

तिथंच पोत्यावर बसून पेन्सिल घेतली. नमस्कार-चमत्कार गेले, गरोदरपणीचं खाणं गेलं, अडलेल्या बाईची लक्षणं गेली. ती खोडताना हात थांबला, पण खोडली. माझं पहिलं लेकरू कसं गेलं, ते पान मात्र खोडवेना. म्हटलं, त्यानं बायका ऐकतील. मग ब्लेड नि दोरा उकळायचं, आणि सगळ्यात शेवटी नाळेचं: कापल्यावर तिला काही लावायचं नाही. आमच्याकडे घरोघरी शेणीची राख लावतात. शेवटचं बोललेलं माणूस घरी नेतं, असं मला वाटायचं.

एक गोष्ट डोक्यातच आली नाही. समोर बहुतेक माडिया बाया, मराठी न कळणाऱ्या. माझं प्रत्येक वाक्य दवाखान्यातली म्हातारी आया गोंडीत सांगायची. म्हणजे दहातली पाचच मिनिटं माझी.

माझ्या लेकराचं ऐकून बायांनी डोळे पुसले. ब्लेड उकळायचं सांगून झालं आणि मोटारीचा भोंगा वाजला. भाऊ हार घेऊन पुढं आले. "बस बाई, झालं." बाया मोटार पाहायला उठल्या, तिथूनच आपापल्या वाटेला लागल्या. नाळेचं पान माझ्या हातात राहिलं.

पुढच्या महिन्यात आया मला एका पाड्यावर घेऊन गेली. आठ दिवसांचं लेकरू. जबडा घट्ट मिटलेला, दूध ओढेना, हात लावला की अंग धनुष्यासारखं ताठ. बेंबीवर राखेचा काळा थर. धनुर्वात. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ऊन कलायच्या आत ते गेलं.

त्याच्या आजीनं कोनाड्यातून फडक्यात बांधलेलं ब्लेड आणून दाखवलं. आया म्हणाली, "ते म्हणते, पाणी खळखळ उकळवलं, ब्लेड उकळलं, दोरा उकळला. बाईनं सांगतलं तसंच केलं. मंग चुकलं कुठी?"

मी म्हटलं, "सांग तिले, राख लावायची नाई हे सांगायचं माह्याकडूनच राह्यलं. तिचं काई चुकलं नाई."

 आया गोंडीत काहीतरी बोलली, माझ्या बोलण्यापेक्षा फार थोडं. आजीनं मान हलवली आणि ब्लेड पुन्हा जपून फडक्यात बांधलं.

आयानं काय सांगितलं, ते मी तिला कधी विचारलं नाही.