सरळ रांगांचा माणूस

"जमिनीवर असं नसतं."

अंकुश पाईकराव होडीत पाय ठेवताना हे म्हणायचे, होडीतून उतरताना म्हणायचे, आणि मधल्या वेळात काही हातातून निसटून पाण्यात पडलं तर दोनदा म्हणायचे. मी ती होडी चालवत असे, म्हणून हे वाक्य माझ्याइतकं कुणी ऐकलं नसेल. चहाचा घोट घेतल्यावर सुस्कारा सोडावा, तसं ते त्यांच्या तोंडून यायचं.

जासईकडून द्रोणागिरीला जाताना कंटेनरचे यार्ड संपले की गोदामांच्या मागे एक मोठं तळं लागतं. पूर्वी तिथे आमची भाताची खाचरं होती. भराव पडला, गोदामं उठली, आणि पावसाचं पाणी कुठे तरी थांबायला हवं म्हणून हे तळं खोदलं. त्याच्या एका टोकाला खाडीकडे उघडणारी लोखंडी दारं आहेत. ओहोटीला ती आपसूक उघडतात आणि तळ्याचं पाणी खाडीत जातं. भरतीला बंद होतात. भरती आणि मोठा पाऊस एकदम आले की तळ्यातलं पाणी बाहेर जाऊ शकत नाही, ते नुसतं वर चढत राहतं. उन्हाळ्यात जिथे गाळ दिसतो तिथे आषाढात माणूस बुडेल.

गोदामांच्या मालकांनी या तळ्यावर तरंगती सोलर बसवली. प्लास्टिकचे मोठे पोकळ ठोकळे एकमेकांना खिळवून त्यांचा तराफा केला, त्यावर काचेची पॅनेलं, आणि तराफा जागेवर राहावा म्हणून चारी बाजूंनी दोर सोडून ते तळाशी काँक्रीटच्या धोंड्यांना बांधले. देखरेखीला जो माणूस पाठवला तो हिंगोलीच्या माळरानावरून आलेला. जुईनगरला भाड्याच्या खोलीत राहणारा, मुलीला शिकवायला मुंबईजवळ आणलेला, आणि पाण्याकडे पाहिलं की कपाळाला आठी पडणारा.

हिंगोलीच्या त्या प्लांटची गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली होती की तो माळ मी स्वतः पाहिल्यासारखा वाटायचा. मुरमाची जमीन, त्यात ठोकलेले खांब, खांबांवर रांगा. रांग धरायला ते सुताची दोरी ताणायचे आणि एक डोळा मिटून बघायचे. एकही खांब बोटभर इकडे तिकडे नाही. ती दोरी गुंडाळून त्यांच्या पँटच्या खिशात कायम असे. तळ्यावर तिचा काही उपयोग नव्हता, तरी असे.

तळ्याने त्यांना छळलं हे मात्र खरं. जमिनीवर पाना हातातून पडला तर वाकून उचलायचा. इथे पडला की बुडबुडा येतो आणि गोष्ट संपते. जमिनीवर पॅनेलं धुवायला टँकर येतो, इथे आमच्या गावची पुतळा आणि तिच्या हाताखालच्या बायका हलत्या फळ्यांवर तोल सांभाळत बादलीने धुतात. एखादी वायर लोंबून पाण्याला लागली की सकाळी इन्व्हर्टर रुसून बसतो, चालूच होत नाही, मग सगळा तराफा पालथा घालून ओली जोडणी शोधायची. खाडीचा खारा वारा बोल्ट खातो. आणि पक्षी. बगळे, पाणकावळे, झाडून सगळ्या उरण तालुक्यातले पक्षी तिथे बसायला येतात.

ऑफिसने मात्र फलक लावला होता की पाण्यामुळे पॅनेलं थंड राहतात आणि वीज जास्त मिळते. पाहुणे आले की त्यांना तेच सांगायचं. बेलापूरच्या ऑफिसातून येणारी इंजिनीअर जागृती घरत, आमच्याच बाजूच्या गावची पोर, तिने एप्रिलच्या उन्हात एका गोदामाच्या छपरावरच्या पॅनेलची पाठ मापली आणि तळ्यावरच्या पॅनेलची मापली. तळ्यावरचं खरंच सात-आठ अंशांनी थंड निघालं. पाईकरावांचा चेहरा उजळला. मग तिने सांगितलं की एका अंशाने शंभरात जेमतेम एक तृतीयांश भाग वाढतो, म्हणजे सगळा फायदा शंभराला दोन-अडीच. शिवाय वाऱ्याला भिऊन इथे पॅनेलं जवळजवळ आडवी ठेवली आहेत, त्यात थोडं जातं. घाणही जास्त साचते.

"म्हंजी बगा," पाईकराव म्हणाले, "पानी गार करतंय अन् बगळे गरम करतेत."

जागृती हसली, पण ते खरंच होतं. विष्ठेने झाकलेला तुकडा वीज करत नाही, उलट तापतो.

एवढं सगळं ते सोसत होते ते एका गोष्टीसाठी. हिंगोलीजवळ कंपनीचा नवा प्लांट होणार होता, जमिनीवरचा, आधीच्यापेक्षा मोठा. ऑफिसने त्यांना शब्द दिला होता की दिवाळीपर्यंत तळं नीट चालवून दाखवा, नवा माळ तुमचा. त्या दिवसापासून त्यांच्या चालीत जोर आला. मुलगी बारावी होत होती, तिला हॉस्टेलला ठेवायचं आणि आपण गावी जायचं असं त्यांनी होडीत बसून कितीदा ठरवलं.

आणि नीट म्हणजे काय, तर त्यांच्या लेखी सरळ.

मे महिन्यात पाणी उतरलं तसे दोर ढिले पडले. खाडीचा वारा सुटला की तराफा सगळाच्या सगळा थोडा वळायचा, संध्याकाळी परत यायचा, झोपेत कूस बदलावी तसा. जागृतीने सांगितलं होतं की वळू द्या, एवढ्या वळण्याने विजेत काही फरक पडत नाही, दोरांचा ढील पावसाच्या पाण्यासाठी ठेवलाय. पाईकरावांनी मान हलवली. पण पाहुणे यायचे होते, मालकांचे पाहुणे, आणि काठावरून तराफा तिरका दिसत होता. पाईकराव एक डोळा मिटून त्याच्याकडे बघायचे आणि उघडला की त्यात नुसता संताप असायचा.

एका सकाळी त्यांनी साखळीने ओझं ओढायची चेनपुली घेतली, मला होडी काढायला लावली, आणि एकेक दोर आवळला. उरलेला ढील तराफ्याच्या कडेला गुंडाळून बांधला. खाडीकडच्या कोपऱ्यावर तर जास्तीचा दोर कापूनच घेतला आणि त्याचा पुतळाच्या बायकांना धरायला कठडा केला. पुतळाला कठडा आवडला. दोर आवळलेला आवडला नाही.

"पाईकराव, बैल बांधताव कं काय? जरा मोकला सोरा."

"बैल मोकळा सोडला तर शेजारच्या रानात जातो, बाई."

दुपारी काठावर खिशातली दोरी ताणून त्यांनी मला तराफा दाखवला. खरंच सरळ होता. मी हो म्हणालो. त्या दिवशी ते फार आनंदात होते, आणि दिवसभरात एकदाही त्यांनी जमिनीचं नाव काढलं नाही.

जून बेताचा गेला. पाणी हळूहळू वर आलं, आणि दोरांची तार होत गेली तरी आम्हाला ते फार जाणवलं नाही. पाईकराव म्हणत, ताण हवाच. जुलैच्या अमावास्येला दुपारी मोठी भरती होती, सकाळपासूनच खाडी फुगत होती, आणि आदल्या रात्रीपासून पाऊस नुसता ओतत होता. मी पोहोचलो तेव्हा खाडीची दारं बंद होती आणि तळं बांधाच्या काठाला भिडत होतं. सगळा तराफा वर उचलला गेला होता, फक्त खाडीकडचा कोपरा नाही. तो खाली ओढलेला होता, आणि पहिली रांग पाण्याखाली गेलेली.

पाईकराव माझ्या आधी आले होते, भिजून चिंब. इन्व्हर्टर आपणहून बंद पडला होता, त्यांनी बाकीचे स्विचही पाडले. मला म्हणाले, बुडालेल्या पॅनेलांना हात लावायचा नाही, ढगात का होईना उजेड आहे, म्हणजे त्यांच्यात वीज आहे. मग फोन लावला. जागृती पावसात अडकली होती, फोनवर तिचा आवाज तुटत होता. दोर सगळे एकदम कापू नका, एवढं तिने तीन वेळा सांगितलं. एका बाजूचे सुटले तर वारा तराफा बांधावर नेऊन आपटेल. समोरासमोरचे सोडा, थोडे थोडे, आधी चेनपुलीवर भार घ्या आणि मगच गाठ सोडा.

आम्ही तसं केलं. वारा होडी फिरवत होता, दोर इतके ताणलेले की बोट लावलं तर गुणगुणत. एकेक गाठ सोडायला अर्धी सकाळ गेल्यासारखी वाटे. एकेका दोराला ढील मिळाला की ती बाजू पाण्यातून सुस्कारा टाकावा तशी वर यायची. पुतळा बांधावर उभी राहून दारांकडचं पाणी बघत होती आणि ते चढतंच आहे असं ओरडून सांगत होती, अजून चरतंय.

राहिला तो कोपरा. तिथे सोडायला जास्तीचा दोरच नव्हता. तो कठड्याला लागला होता.

तोवर दुसरी रांगही बुडाली. ठोकळ्यांचे कान, ज्यांतून खिळे जातात ते, एकेक फाटताना मी ऐकले. फांदी मोडल्यासारखा आवाज. पाईकराव त्या कोपऱ्याच्या ताणलेल्या दोराकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे कोयता मागितला, मला होडी मागे घ्यायला लावली, आणि स्वतः कडेला आडवे पडून घाव घातला. दोर सुटला तेव्हा कोपरा उसळून वर आला, वेडावाकडा, चिखलाने माखलेला. बाकीच्या दोरांनी तराफा धरला. तो बांधावर गेला नाही.

दोन रांगा गेल्या. बाकी सगळं वाचलं.

पाऊस ओसरल्यावर जागृती आली. ती वाईट मुलगी नव्हती. तिने आधी सगळं पाहिलं, आणि मग हळूच म्हणाली की सर, तळाचा धोंडा सरकला असं म्हणता येईल, एवढ्या पाण्यात कुणी विचारणार नाही. हिंगोलीचं तिलाही माहीत होतं.

पाईकराव ठोकळ्याचा फाटलेला कान हातात फिरवत होते.

"धोंडा जाग्यावर हाय," ते म्हणाले. "दोर मी आवळले. तसंच कळवा."

तिने तसंच कळवलं.

दिवाळीच्या आधी हिंगोलीला दुसराच माणूस गेला, अभय नावाचा तरणा गडी; जाण्याआधी तो आमच्याच तळ्यावर दोन दिवस बघायला आला. पाईकरावांनी त्याला मुरूम कसा असतो, खांब कुठे ठोकायचा, सगळं सांगितलं. निघताना खिशातली सुताची दोरी काढून त्याच्या हातात दिली. त्या पोराला ती कशाला ते कळलं नाही, पण घेतली.

त्या दुपारी वारा होता. नवीन दोर चांगले ढिले सोडले होते, आणि तराफा वळून तिरका झाला होता, अगदी काठावरून दिसेल एवढा. पाईकराव बांधावर थांबले. एक डोळा मिटला. हात खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला.

"जमिनीवर असं नसतं," ते म्हणाले, पण कुणाला उद्देशून नाही, आणि बांधाने खाडीच्या दारांकडे पाणी बघायला चालू लागले.

होडीतून मी बघत होतो. पुतळा कठडा धरून उभी होती, ओला ब्रश हातात, तीही बघत होती. तराफ्यावरचे बगळेसुद्धा उडाले नाहीत.