दोन आकड्यांमधलं अंतर

टीचरांनी मला कणकवलीला सोबत नेलं, त्याला आता वर्ष होऊन गेलं. त्या मला शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्यांच्या आईला पक्षाघात झाला आणि त्यांनी शाळा सोडली. मालवणात घरी बसूनच त्या बांधकाम ठेकेदारांना घरांची, होमस्टेची त्रिमितीय चित्रं करून द्यायला लागल्या. आतल्या खोलीत आई, बाहेरच्या खोलीत टेबल आणि त्यावर संगणक. दर दोन तासांनी उठून आईची कूस बदलायची आणि पुन्हा कामाला बसायचं. असं काम बाहेर कुठे मिळणार नव्हतं. ते नीट चालायला चांगलं ग्राफिक्स कार्ड हवं होतं, आणि कणकवलीचा एक मुलगा आपलं वापरलेलं कार्ड विकत होता.

"तू संगणकाचा शिकतंस मां? मगे चल माज्यावांगडा. तू बरा म्हणशीत तर घेतंय," टीचर म्हणाल्या.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. बाबा बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात, आई काजूच्या कारखान्यात जाते. मला कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरता येत नव्हता, तो टीचरांनी भरून दिला होता. त्यांनी माझं मत विचारावं, याचाच मला मोठा अभिमान वाटला. तो वाटला नसता तर बरं झालं असतं.

त्या मुलाने कार्डावर भार टाकणारी चाचणी लावली. पडद्यावर एकाखाली एक तीन तापमानं होती. पहिलं चिपचं, सदुसष्ट अंश. हे मला ठाऊक होतं, सदुसष्ट म्हणजे उत्तम. त्याखाली 'हॉटस्पॉट' असं लिहिलेलं, शंभर. त्याखाली मेमरीचं, एकशे चार. कार्डाचे पंखे मात्र जोरात ओरडत होते. चिप इतकी थंड असताना ते का ओरडतायत, असं माझ्या मनात आलं. मी त्या खालच्या आकड्यांकडे बोट दाखवलं.

"ते तसंच असतं," तो म्हणाला.

मी मान डोलावली. तसंच असतं की नसतं, मला माहीत नव्हतं. टीचर माझ्याकडे बघत होत्या.

"बरा आसा, टीचर," मी म्हणाले.

महिनाभर कार्ड चाललं. मग मे उजाडला आणि टीचरांचा फोन आला. चित्र तयार होता होता मध्येच काम मंदावतं, पंखे किंचाळतात, कधी पडदा काळाच होतो. एका ठेकेदाराचं चार घरांचं काम हातात होतं. मी गेले तेव्हा आतून त्यांची आई म्हणत होती, "मे महिनो तो. माणसा तापतत, मगे मिशिनीचा काय?" शेजारचेही तेच म्हणत होते. मलाही तेच खरं असावंसं वाटत होतं. उन्हाळा असेल तर चूक कुणाचीच नाही.

आम्ही संगणकाच्या बाजूचं झाकण काढलं आणि टेबलफॅन लावला. चिपचं तापमान पाच अंशांनी उतरलं. मला हायसं वाटलं. मग खाली बघितलं. हॉटस्पॉटही पाचच अंशांनी उतरला होता. मेमरीही तेवढीच. तिन्ही आकडे एकत्र खाली आले होते, पण चिप आणि हॉटस्पॉट यांच्यातलं अंतर तेहतीसचं तेहतीसच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून मी ते वाचलं, जे कणकवलीला जाण्याआधी वाचायला हवं होतं. चिपमध्ये तापमान मोजणाऱ्या खूप जागा असतात. त्यांतली सगळ्यात तापलेली जागा म्हणजे हॉटस्पॉट. तो वरच्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त असणारच. पण अंतर तीसच्या पुढे गेलं, तर उष्णता वाहून नेणारा धातूचा कूलर चिपवर सगळीकडे नीट टेकलेला नाही, किंवा मधली पेस्ट वाळून बाजूला सरकली आहे. मेमरीच्या चिपांवर पेस्ट नसते, मऊ रबरासारख्या पट्ट्या असतात. त्यांना पॅड म्हणतात. चिप थंड आणि मेमरी शंभराच्या वर, असं असेल तर ते पॅड बहुधा संपलेले असतात. मेमरी किंवा हॉटस्पॉट एकशे दहाच्या आसपास गेला की कार्ड स्वतःला वाचवायला मंद होतं. खोली तापली तर सगळेच आकडे वर जातात. अंतर मात्र खोलीमुळे वाढत नाही. ते आतलंच असतं.

म्हणजे कणकवलीत माझ्यासमोर सगळं लिहिलेलं होतं.

मी टीचरांना हे सांगितलं नाही. दुरुस्त करून देईन आणि मग सांगायची गरजच उरणार नाही, असं मी ठरवलं. कुडाळच्या दुकानातून पेस्ट आणि पॅड आणले. दुकानात दोन मिलिमीटर जाडीचेच पॅड होते. जाड म्हणजे जास्त चांगले, असं मला वाटलं.

टीचरांच्या टेबलावर कार्ड उघडलं. जुने पॅड बोट लावताच भुग्यासारखे तुटले, काहींतून तेल पाझरून कार्डाच्या सर्किटवर पसरलं होतं. चिपच्या मधोमध पेस्ट जवळपास नव्हतीच, सगळी कडेला ढकलली जाऊन सुकली होती. टीचरांनी पॅडचे तुकडे एका बशीत गोळा केले. "टाकू नको गो, असांदेत," म्हणाल्या. मी सगळं पुसलं, नवे पॅड कापून लावले, पेस्ट लावली, स्क्रू आवळले.

चाचणी लावली. मेमरी अठ्ठ्याहत्तर. टीचर हसल्या. "बग, बापाशीचो हात आसा तुका."

मग चिप अठ्ठ्याहत्तर झाली, एकोणऐंशी झाली. हॉटस्पॉट एकशे नऊवर जाऊन थांबला आणि कार्ड मंद पडलं. पहिल्यापेक्षाही वाईट. मी चाचणी बंद केली. "उद्या बघते," एवढंच म्हणून घरी आले.

बाबा पडवीत बसून हात रॉकेलने धूत होते. मी जेवत नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं. मी आधी म्हणाले, तुम्हाला नाही कळायचं. मग माझं मलाच वाईट वाटलं आणि सांगितलं. कूलर, चिप, मधली पेस्ट, बाजूचे पॅड.

बाबांनी बोटं पुसली. "बाजूचा पॅकिंग जाडा घातलंस?"

"जाडंच होतं दुकानात."

"मगे वरचा झाकाण, आमच्या इंजिनाचा हेड म्हण, बसात खंय? कडेक अडाकता तां. मधे टेकताच नाय. कितीय आवळ." मग म्हणाले, "डाग बगलंस?"

"कसला डाग?"

"आमी हेडाक रंग लावतो नि दाबून काढतो. रंग उमाटलो थंय टेकला, नाय उमाटलो थंय पोकळ. उघड नि बग." मग हसले. "माका कळूचा नाय म्हणा!"

दुसऱ्या दिवशी उघडून बघितलं. कूलरवर पेस्टचा ठसा एका कडेलाच दाबलेला होता. बाकी चिपवर मी लावली तशीच जाड, न चेपलेली पेस्ट होती. पॅडनी कूलर उचलून धरला होता. मेमरी थंड झाली होती ती चिपचं टेकणं हिरावून.

आता मूळ जाडी किती, हा प्रश्न होता. टीचरांनी ती बशी आणली आणि कपाटातून जाडी मोजायचं व्हर्नियर कॅलिपर काढलं. कूलरखाली न दबलेली एक कड त्यांनी शोधून हलकेच मोजली. दीड मिलिमीटर. मग आणखी दोन तुकड्यांच्या कडा मोजल्या. दीडच. पॅड मागवले, यायला चार दिवस लागणार होते. टीचरांनी ठेकेदाराला फोन करून मुदत मागितली. त्या कार्यालयातल्यासारखं शुद्ध मराठी बोलत होत्या आणि "कार्डात बिघाड झाला आहे, माझ्याकडून उशीर होतो आहे," असं म्हणत होत्या. माझ्याकडून, असं.

ते ऐकून मला राहवलं नाही. फोन ठेवल्यावर मी सांगितलं. "टीचर, कणकवलीला तो आकडा मी बघितला होता. हॉटस्पॉटचा. मेमरीचाही. बिघाड तेव्हाच दिसत होता."

त्या बोलल्या ते शाळेतल्या मराठीत. "तेव्हाच तुला माहीत होतं?"

"आकडे दिसले होते. त्यांचा अर्थ माहीत नव्हता."

"मग तसं का नाही सांगितलंस?"

"माहीत नाही म्हणायला लाज वाटली. तुम्ही मला विचारून घेत होता."

"आठवीत एक रेघ दहादा विचारायचीस तू मला. तेव्हा लाज नव्हती. आता कॉलेजात गेलीस म्हणून आली?"

आत त्यांच्या आईने हाक मारली. टीचर उठून आत गेल्या. आतून कूस बदलताना होणारा खाटेचा आवाज येत राहिला. मी बशीतल्या तुकड्यांकडे बघत बसले. त्या परत आल्या तेव्हाही 'जाऊ दे' म्हणाल्या नाहीत, आणि मला ते बरोबर वाटलं. फक्त म्हणाल्या, "पॅड आले की सकाळचीच ये."

पाचव्या दिवशी गेले. दीड मिलिमीटरचे पॅड लावले. या वेळी स्क्रू आवळून, कार्ड न चालवता, पुन्हा एकदा उघडलं. पेस्टचा ठसा चिपभर एकसारखा उमटला होता. टीचर वाकून बराच वेळ तो बघत होत्या. मग तो पुसून नवीन पेस्ट लावली आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले.

चाचणी सुरू झाली. टीचर कागद घेऊन बसल्या. "वाच. तिनय."

"चिप चौसष्ट. हॉटस्पॉट सत्त्याहत्तर. मेमरी ब्याऐंशी."

त्यांनी लिहून घेतलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचायला लावलं. चिप सहासष्ट, हॉटस्पॉट एकोणऐंशी, मेमरी चौऱ्याऐंशी. अंतर तेरा. पंख्यांचा आवाज इतका खाली आला होता की बाहेर कुणीतरी नारळ सोलतंय ते ऐकू येत होतं.

आतल्या खोलीतही ते कळलं असावं. टीचरांच्या आईने विचारलं, "गप झाला गो तां. बरा झाला काय?"

टीचर माझ्याकडे बघत होत्या, कणकवलीला बघत होत्या तशाच.

"अजून सांगता येत नाही, आजी," मी म्हणाले. "तासभर चालू दे. मग सांगते."

टीचरांनी कागदावर पुढची ओळ आखली आणि घड्याळ बघून वेळ लिहिली.