आई-बाबांच्या उंचीतले पाच सेंटीमीटर

आईला पंचाहत्तरावं लागणार होतं. काय हवं, असं विचारल्यावर ती दरवर्षी "काही नको" म्हणते. या वेळी तिने लगेच सांगितलं, "ह्यांच्या शेजारी उभी असलेला एक फोटो हवा. सरळ उभी असलेला."

बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. लग्नाचा अल्बम आचोळ्याच्या जुन्या घरात वाळवीने खाल्ला होता. त्यानंतरचे सगळे फोटो मी पेटीतून काढून मोजले. एकशे चौदा भरले. आई एकसष्ट फोटोंत होती, बाबा चाळीस. दोघं एकाच फोटोत फक्त तीनदा होते, आणि तिन्ही वेळा कुणीतरी बसलेलं होतं.

कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. आई बाबांपेक्षा उंच होती. फोटो काढायची वेळ आली की बाबांना गॅस बंद केला का, हे बघायचं आठवे, नाहीतर ते कॅमेरा स्वतःच्या हातात घेत. आई त्यांच्याबरोबर चालताना मान खाली घालून खांदे पाडून चाले. ती वाकून चालते ही तिची सवय आहे, असं मी लहानपणी समजत होतो. ती एकटी बाजारात जाताना ताठ चालते, हे मला कॉलेजात गेल्यावर दिसलं.

आधी माझ्या मुलीने फोनवरच्या अ‍ॅपने प्रयत्न केला. अर्ध्या मिनिटात फोटो आला. त्यात बाबा सहा फूट होते, आईच्या खांद्यावर हात टाकून उभे होते आणि हसताना त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात दिसत होते. बाबांचे शेवटी अठरा उरले होते.

"हा कोण?" आई म्हणाली. "मी परपुरुषाबरोबर फोटो काढत नाही."

म्हणून मी पेटीतले दोन फोटो निवडले. दोन्ही पूर्ण उभे, पावलांसकट, एकाच हिवाळ्यातले. नोकरी लागल्यावर मी घेतलेल्या कॅमेऱ्याचे. बाबांचा फोटो आचोळ्याच्या घराच्या दारात मी काढलेला. आईचा कळंबच्या समुद्रावर बाबांनी काढलेला. तिथे ती अनवाणी, ताठ उभी होती. शेजारी कुणी नव्हतं ना.

नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला एक फोटो स्टुडिओ आहे. जोडफोटोंचं काम, म्हणजे दोन फोटोंतली माणसं एका फोटोत आणायचं, तिथली मालकीणबाई स्वतः करते. तिशीतली आहे, तोंडाने फटकळ. तीन दिवसांनी तिने पहिला नमुना दाखवला. बाबा आईपेक्षा चार बोटं उंच होते, पण डोकं आईच्या सव्वापट वाटत होतं.

"हे असं का?" मी विचारलं.

"काका, आमच्याकडे काही सांगितलं नाही तर जेंट्स चार बोटं वर. सगळ्यांना तसंच लागतं. तुमच्या फादरना तेवढं वर न्यायला अख्खेच मोठे करावे लागले. मग डोकंपण मोठं होणार ना? नुसते पाय ताणले तर पँट गुडघ्याखाली संपतच नाही. ते करून बघितलं, अजून वाईट."

"मग खऱ्या उंचीचे करा."

"खरी उंची सांगा. दोघांची. तळवे एका रेषेत ठेवते आणि त्या मापाने दोघांना बसवते. माप आलं की डोकं, खांदे, हात आपोआप जुळतात."

इथून माझं काम सुरू झालं. आईला भिंतीला टेकवून, डोक्यावर पट्टी काटकोनात धरून मी मोजलं. एकशे एकसष्ट. आई पट्टीखालून म्हणाली, "फोटोत मी पन्नाशीची आहे. आजची उंची कशाला घालतोस?"

"आज तू एवढीच आहेस."

"हाडं झिजली म्हणून तेव्हाची मीही झिजले का?"

मुद्दा बरोबर होता. तिच्या नोकरीच्या कागदांत वैद्यकीय दाखला सापडला. उंची एकशे पासष्ट. तेवढी लिहून घेतली.

बाबांचा मात्र असा एकही कागद निघाला नाही. म्हणून मी आत्याला फोन केला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, चांदीपला असते. दुसऱ्या दिवशी ती पडवळं घेऊन स्वतः हजर झाली.

"दादा पाच फूट आठ इंच होता," ती म्हणाली. "आपल्या घरात ठेंगणं कुणी नाही."

आत्या स्वतः चार फूट दहा आहे. ते मी बोललो नाही, लिहितोय फक्त.

"वन्सं," आई म्हणाली, "हार घालताना मी मान खाली केली तेव्हा कुठे त्यांचा हात पोचला."

"ते तू लाजलीस म्हणून खाली केलीस."

"लाजले नव्हते. मला मागून मामाने ढोसलं, वाक म्हणून."

"वहिनी, वाढदिवसाला आमच्याकडची माणसं येणार. भिंतीवर माझा भाऊ बायकोच्या कानाएवढा दिसला तर हसतील."

आईने पडवळं उचलली. "मग फोटोच नको. त्यांच्याजागी दुसरं कुणी उभं करून मला काय करायचंय?" असं म्हणून ती आत गेली. वाढदिवसाला पाच दिवस उरले होते.

मला बाबांच्या फोटोतलं दार आठवलं. आचोळ्याच्या घरात आता भाडेकरू आहेत. मी मेजर टेप घेऊन गेलो आणि चौकट मोजली. आतून एकशे अठ्ठ्याण्णव सेंटीमीटर. फोटोत चौकट अकरा सेंटीमीटर, बाबा नऊ पूर्णांक सात. गुणाकार केला. एकशे चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा. मी तिथेच दारात बसून तीनदा केला. भाडेकरूने पाणी आणून दिलं.

आत्याला हा आकडा सांगायची घाई मी केली, ही माझी चूक. तिने आनंदाने गावात चार जणांना फोन केले. आई मला म्हणाली, "पाच फूट पावणेनऊ इंच? मी मग चाळीस वर्षं कुणाबरोबर संसार केला?"

मी कागद घेऊन स्टुडिओत गेलो. बाईने कागदाकडे पाहिलंच नाही. फोटोत बाबांच्या पायाशी बोट ठेवलं.

"काका, हे चौकटीत उभे नाहीत. एक लादी पुढे आहेत."

"दहा इंचांची लादी आहे. तेवढ्याने काय होतं?"

"कॅमेरा किती लांब होता? दहा फुटांवर असेल तर दहा इंचांनी माणूस बारा-तेरा सेंटीमीटर मोठा दिसतो. जवळचं मोठं, लांबचं लहान. माणूस आणि माप एका अंतरावर पाहिजे. तुम्ही कुठे उभे होता?"

पंचवीस वर्षांपूर्वी मी दारापासून किती फुटांवर उभा होतो, हे मला आठवेना. आयुष्यात किराणा मालाची यादीसुद्धा मी तारीख घालून ठेवली आहे, पण हे लिहिलं नव्हतं. मी उठायला लागलो तेव्हा तिने आईचा फोटो पडद्यावर मोठा केला.

"हा कोणी काढला?"

"बाबांनी."

"उभ्यानेच? डोळ्याला कॅमेरा लावून?"

"दुसरं कसं काढणार?"

"वाळू सपाट होती का? उतार नाही ना?"

"ओहोटी होती. सपाटच दिसतेय. आणि बाबा पाण्याकडे तोंड करून, हिच्याच पातळीवर, अनवाणीच."

"मग बसा," ती म्हणाली. "तुमचे फादर या फोटोत आहेत."

मागे समुद्र होता. पाणी आणि आभाळ मिळतात ती रेघ आईच्या नाकाच्या किंचित खालून, वरच्या ओठाजवळून जात होती. बाईने ती बोटाने दाखवली. समुद्राची रेघ नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर दिसते. सपाट जागी उभ्या माणसाला ती रेघ जिथे छेदते, तिथवरची त्याची उंची आणि कॅमेऱ्याची उंची एकच. माणूस जवळ असो की लांब. कॅमेरा डोळ्याला लावलेला, म्हणजे ती बाबांच्या डोळ्यांची उंची.

मग तिने पडद्यावर ठिपके मोजले. आईच्या तळव्यापासून माथ्यापर्यंत एक हजार तीनशे वीस. तळव्यापासून रेघेपर्यंत एक हजार एकशे ब्याण्णव. आई एकशे पासष्ट, म्हणजे रेघ एकशे एकोणपन्नासवर. दारातल्या फोटोवरून बाबांच्या डोळ्यांपासून वर माथ्यापर्यंत किती भाग उरतो तेही काढलं. साधारण अकरा सेंटीमीटर.

"एकशे साठ," ती म्हणाली.

 बाबा समुद्रावर कॅमेरा घेऊन आईकडे बघत होते आणि त्यांची नजर तिच्या ओठाजवळ येत होती, हे मला त्या रेघेत स्पष्ट दिसत होतं.

"काका, रडताय का? आकडा चुकला का?"

"चपलांचं काय?" मी म्हणालो. "दारात ते चपला घालून आहेत. दोन सेंटीमीटर. आई अनवाणी आहे."

"देवा!" ती म्हणाली. "चपला वाळूत रुतवते. झालं?"

"पूर्ण दोन रुतवा."

आत्याला घरी बोलावून मी पट्टी लावून सगळं समजावलं. तिने चष्मा पुसून दोनदा रेघ बघितली. "समुद्र तेव्हा उंच असेल," म्हणाली. मग स्वतःच ते मागे घेतलं, कारण लहानपणापासून तिने समुद्र पाहिला आहे.

वाढदिवसाच्या सकाळी फोटो भिंतीवर लागला. दोघं वाळूत उभे. आई ताठ, खांदे मागे. बाबा तिच्याहून दोन इंच खाली, आपल्या स्वतःच्या डोक्याचे, आपल्या खांद्यांचे, दारातल्या फोटोत हसले होते तेवढंच हसणारे. आई समोर खुर्ची ओढून बसली.

आत्याच बोलली आधी. "वहिनी, दादा मला कडेवर घेऊन ओढ्यापलीकडे न्यायचा. तेव्हा केवढा उंच वाटायचा गं."

"तुम्ही कडेवर होतात, वन्सं. मान वाकवून त्यांच्याकडे खालून बघायला मी होते."

आत्या हसली, मग डोळे पुसू लागली, मग परत हसली. चांदीपची मंडळी आली. फोटोकडे बघून एक काका म्हणाले, "अरे, हा तर अगदी तोच!" उंचीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आत्या तासभर दारापाशी तयारीत उभी होती, काय उत्तर द्यायचं ते ठरवून, आणि तिला ते द्यायलाच मिळालं नाही.

जेवणं झाल्यावर आईने मला हाक मारली. "तो जुना आकडा खोडलास ना रे? एकशे चौऱ्याहत्तरचा?"

"खोडला."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि फोटोतल्या बाबांकडे बघून पुढे म्हणाली, "ऐकलंत? आता कुठे जायचं नाही. गॅस बंद आहे."