पुष्पलता मॅडमची शीट

हिंगण्याच्या एमआयडीसीत औषधं तपासणारी एक लॅब आहे. तिथं पुष्पलता मॅडमच्या हाताखाली ज्यानं काम केलं, त्यानं बोलणी खाल्ली नाहीत असं झालं नाही. ब्युरेटच्या, म्हणजे थेंब मोजून सोडायच्या नळीच्या, टोकाला थेंब लोंबकळताना दिसला की बाईंचा पारा चढायचा. रोज सकाळी जरीपटक्याहून स्कूटरनं यायच्या, सगळ्यांच्या आधी पोचायच्या आणि आधी इलेक्ट्रोड धुवायच्या. चोवीस वर्षांत कुणी त्यांची चूक काढली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी कॉम्प्युटरवर एक शीट बनवली होती. टायट्रेशनचं मोठं यंत्र बंद पडलं की हातानं टायट्रेशन करायचं, म्हणजे थेंबाथेंबानं द्रावण सोडून औषधाचं प्रमाण काढायचं, आणि आकडे त्या शीटमध्ये भरायचे. उत्तर आपोआप निघायचं. फाइलचं नाव कुणी तरी ‘पुष्पलता मॅडमची शीट’ असं ठेवलं होतं. बाईंनी ते कधी बदललं नाही.

त्या गुरुवारी यंत्र बंद होतं आणि लोहाच्या गोळ्यांची एक बॅच तपासायला आली होती. गरोदर बायांना वाटायच्या गोळ्या होत्या, पाचला ट्रक निघणार होता. गोळ्यांवरच्या लाल वेष्टनामुळे द्रावणात रंगाचा बदल दिसत नाही, म्हणून प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड बुडवून मिलिव्होल्ट मोजायचे. ब्युरेटमधून सेरिकचं द्रावण सोडत गेलं की आकडा हळूहळू चढतो आणि लोह संपतं तिथं एकदम उडी मारतो. ती उडी नेमकी कुठं, एवढाच सारा प्रश्न. वीस मिलिलिटर लागले तर गोळ्यांत शंभर टक्के लोह. एकोणीसच्या खाली गेलं तर पंचाण्णव टक्क्यांच्या खाली, म्हणजे बॅच नापास.

टायट्रेशन उन्नतीनं केलं. ती पोरगी चार महिन्यांपूर्वी लागलेली, अजून कायम झालेली नव्हती. शीटनं उत्तर दिलं एकोणीस पॉइंट शून्य पाच. सव्वापंचाण्णव टक्के, पास. मॅनेजर धर्मेंद्रनं सुटकेचा निःश्वास सोडला.

पण निकाल काठावर असला की ग्राफ हातानं काढायचा, हा बाईंचाच नियम होता. उन्नतीनं ग्राफ पेपर आणून ठेवला. चढाचं शिखर, म्हणजे उडीची जागा, अठरा पॉइंट पंचाण्णववर होती.

“काय वं, डोळे कुठं होते तुझे?” बाई कडाडल्या. “शीट एकोणीसच्या वर सांगून राहिली आन् तुझं शिखर खाली!”

उन्नती घाबरली, पण मागं सरली नाही. “मॅडम, अठरा नव्वदले पाचशे नव्वद होते. एकोणीसले एक हजार चाळीस. म्हणजे चढ या दोघांच्या मधला आहे. म्हणून मी मधल्या आकड्यावर मांडला.”

“मंग शीट काय...” बाई बोलता बोलता थांबल्या.

त्यांनी शीट उघडली. ती दोन आकड्यांची वजाबाकी करायची, मधल्या शून्य पॉइंट एक मिलिलिटरनं भागायची आणि उत्तर खालच्या ओळीत टाकायची, एकोणीसच्या समोर. अकरा वर्षं ते तिथंच पडत होतं. चढ दोन वाचनांच्या मधला, आणि त्यांनी तो नंतरच्या वाचनाच्या नावावर लावला होता. अर्धं पाऊल पुढं. मग चढांची पुन्हा वजाबाकी, अधिकाचं उणे कुठं होतं ते शोधायला, कारण चढ तिथंच सगळ्यात मोठा. तीही एक ओळ खाली. आणखी अर्धं पाऊल. शून्य ओलांडायची जागा अख्खी शून्य पॉइंट एक मिलिलिटर पुढं सरकली होती. लोह अर्धा टक्का जास्त दिसत होतं. नेहमीच्या बॅचा अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवच्या असायच्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

 बाईंनी कागदावर स्वतः हिशेब मांडला. अठरा नव्वदला अधिक, एकोणीसला उणे, आकडे जवळजवळ सारखे. शून्य बरोब्बर मधे. अठरा पॉइंट पंचाण्णव, पावणेपंचाण्णव टक्के.

धर्मेंद्र आत आला, साडेतीन वाजले होते. त्यानं सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं.

“ताई, पाव टक्क्यानं कोणी मरत नाही.”

“नाही मरत,” बाई म्हणाल्या. ते खरंच होतं.

“तुमच्या शीटचं नाव निघालं तर अकरा वर्षांच्या फायली उघडतीन. काहून अंगावर घेता? पोरीचं टायट्रेशन चुकलं असं लिहू. तुम्ही पुन्हा करा.”

त्यानं चौकशीचा फॉर्म पुढं सरकवला. कारणाच्या चौकटीत पेन्सिलनं आधीच लिहिलं होतं: तपासनिसाची चूक.

बाईंनी फॉर्म टेबलावर तसाच राहू दिला आणि ॲप्रन घातला. उन्नतीनं गोळ्यांचं द्रावण केलं होतं त्याच फ्लास्कमधून नवा भाग मोजून घेतला. उन्नतीला वही धरायला बसवलं, धर्मेंद्र पाठीमागं उभा राहिला. आता खरं सांगायचं तर बाईंच्या मनात पाप आलं होतं. उडी एकोणीसच्या पुढं पडावी. एकोणीसलाही मीटर सहाशेच्या आसपास राहावा. तसं झालं तर शिखर एकोणीस शून्य पाचवर, गोळ्या पास आणि चूक पोरीची. त्यांना स्वतःची किळस आली, तरी इच्छा जाईना.

अठरा सत्तर. पाचशे अठ्ठेचाळीस. थांबल्या, आकडा स्थिर होऊ दिला.

अठरा ऐंशी. पाचशे बासष्ट.

अठरा नव्वद. पाचशे नव्वद. उन्नतीनं आकडा लिहिला. पोरीलाही कळत होतं काय चाललंय ते.

बाईंनी तोटी किंचित फिरवली. ब्युरेट एकोणीसवर आली. मीटर सहाशेवर रेंगाळला, सहाशे सहा, सहाशे दहा. धर्मेंद्र हळूच म्हणाला, “झालं, लिहा.”

“थांब गा,” बाई म्हणाल्या. “स्थिर होऊन राहिला नाही अजून.”

एक मिनिट गेलं. आकडा सातशेवर गेला, मग आठशे, मग धडाधड चढत एक हजार अडतीसवर जाऊन बसला. तिथून हलला नाही.



“लिही,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. “एकोणीस. एक हजार अडतीस. तुझं बरोबर होतं वं.”

पुढचे दोन आकडे नियमाप्रमाणे घेतले, ब्युरेट धुतली, इलेक्ट्रोड पुसला. मग खोडरबर मागितलं. पेन्सिलचं अक्षर पुसून त्यांनी पेनानं लिहिलं: चढ मधल्या घनफळाऐवजी नंतरच्या वाचनासमोर मांडला गेला. शीट चुकीची. करणारी: पुष्पलता रामाजी. बॅच नापास. खाली सही केली, धर्मेंद्रकडं न बघता.

ट्रक रिकामाच परत गेला. दुसऱ्या दिवसापासून बाई जुन्या फायली घेऊन बसल्या. हातानं केलेलं प्रत्येक टायट्रेशन पुन्हा मांडायचं, पंचाण्णवच्या आसपासचं वेगळं काढायचं. पहिल्याच दिवशी तशी दोन निघाली. त्यांना डबा गेला नाही.

संध्याकाळी उन्नती नवी शीट घेऊन आली. चढ आता मधल्या घनफळासमोर होता.

“मॅडम, फाइलले नाव काय देऊ?”

“तारीख दे,” बाई म्हणाल्या. “माह्या नावानं होती म्हणून अकरा वर्षं कोणी तपासलीच नाही. मीबी नाही.”