दोन साक्षीदार

जुन्नरच्या एका ज्युनिअर कॉलेजात नुमान आतार सर फिजिक्स शिकवतात, आणि त्यांचा तास सुरू आहे हे रस्त्यावरच्या चहावाल्यालासुद्धा कळतं. आवाजच तसा. वडिलांची आठवडी बाजारात बांगड्यांची गाडी होती, त्यामुळे ओरडणं घराण्यातच आहे, असं ते स्वतःच सांगतात. रागावले की खडू मोडतात, आणि तास संपायच्या आत ज्याच्यावर रागावले त्याच पोराला जवळ बोलावून त्याच्या डोक्यावर टपली मारतात. राग आला कधी आणि गेला कधी, पत्ता लागत नाही. असा माणूस आवडणार नाही तर काय होणार!

पोरं मात्र त्यांना आतार सर म्हणत नाहीत. पाठीमागे सगळा तालुका त्यांना 'साक्षीदार सर' म्हणतो. त्याचं असं आहे, की उत्तर नुसतं बरोबर येऊन सरांचं समाधान होत नाही. "अरे, आमच्यात दोन साक्षीदार असल्याशिवाय निकाह लागत नाही," ते दरवर्षी अकरावीच्या वर्गाला सांगतात, "मग तुझं उत्तर कसं लागेल रे? आण दोन साक्षीदार!" म्हणजे गणित फॉर्म्युल्यानं सोडवलं, तर तेच उत्तर आणखी दोन वेगळ्या वाटांनी तपासून दाखवायचं. तिरक्या फेकलेल्या चेंडूचं गणित असेल, तर हे दोन साक्षीदार ठरलेले. एक सिमेट्री, म्हणजे चेंडू जसा वर चढतो तसाच आरशातल्यासारखा खाली उतरतो. दुसरी एनर्जी, म्हणजे हातातून जेवढी ऊर्जा घेऊन निघाला तेवढीच शेवटपर्यंत, ना कमी ना जास्त. वाऱ्याचा अडथळा सोडून द्यायचा, हे आलंच.

अकरावीची पहिली चाचणी झाली त्या आठवड्यातली गोष्ट. सरांच्या पुतण्याचा निकाह ओतूरला होता आणि साक्षीदार म्हणून खुद्द सरांनाच उभं राहायचं होतं. बायको, बिबिजान, दारात तयार होऊन उभी, रिक्षावाला हॉर्न मारतोय, आणि सर शेरवानीची बटणं लावता लावता चाचणीची उत्तरं काढतायत. चेंडू वीस मीटर प्रतिसेकंद वेगानं, जमिनीशी साठ अंशांचा कोन करून फेकलाय. जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, दहा धरा. सर्वांत वर जायला किती वेळ? किती उंच जाईल? आणि रेंज, म्हणजे किती लांब जाऊन पडेल? सरांनी भराभर लिहिलं : वेळ 1.73 सेकंद, उंची 15 मीटर, रेंज 17.3 मीटर. कागदाची घडी खिशात घातली आणि पळाले. ओतूरला साक्ष झकास झाली.

पेपर तपासताना सरांना काही वावगं वाटलं नाही, कारण बहुतेक पोरांनी 17.3च लिहिलं होतं. तीन-चार जणांनी वेगळं उत्तर काढलं होतं, त्यांच्यावर लाल रेघ पडली. ज्याला पेपर मिळाला त्यानं तो गुपचूप दप्तरात टाकला. कोणी हूं की चूं केलं नाही.

त्या तीन-चारांत मढची हर्षाली होती. रोज माळशेजकडून येणारी एसटी पकडून जुन्नरला यायची, खिडकीजवळच्या बाकावर बसायची, आणि दिवसभरात तोंडातून चार शब्द काढायची नाही. दहावीला गावात पहिली आलेली पोर इथं आल्यावर पार बावरून गेली होती. सगळं इंग्रजीतून, वर्गातली पोरं झटपट उत्तरं देणारी. चाचणीत फिजिक्समध्ये ती एका मार्कानं नापास झाली. घरी जाऊन आईजवळ, सरूबाईजवळ, रडली आणि म्हणाली, "मला न्हाई जमत सायन्स. मी आर्ट्सला जाते."

आर्ट्समध्ये वाईट काही नाही, लोक तिथूनही मोठे होतात. पण ही पोर आवडीनं नव्हे, भिऊन चालली होती.

दोन दिवसांनी हर्षाली वडिलांना, कुशाबाला, घेऊन स्टाफरूममध्ये आली. कुशाबानं अर्ज पुढे केला. शाखा बदलायची तर वर्गशिक्षकाची सही लागते, आणि वर्गशिक्षक आतार सर.

"सर, पोर रोज रडती," कुशाबा म्हणाला. "जेवत न्हाई धड. आमाला काय त्यातलं कळत न्हाई, पर रडून शिकायचं तर नगं शिकू म्हनलं. तुमी तेवढी सही द्या."

सरांचा पारा चढला. "एका चाचणीत गळाठलीस? आण तो पेपर इकडं! बघू दे काय दिवे लावलेत!"

हर्षालीनं पेपर दिला. सर उभ्या उभ्या वाचू लागले. वेळ बरोबर. उंची बरोबर. रेंजला त्यांचीच लाल रेघ आणि भोपळा. "हे 34.6 कुठून आणलंस?" ते गरजले. "साक्षीदार आणले होते का?"

"हो सर," ती पुटपुटली. "बाजूला लिहिलेत."

समासात बारीक अक्षरात खरंच लिहिलेलं होतं. चेंडूची कमान काढलेली, माथ्यापासून जमिनीपर्यंत मधोमध तुटक रेघ, डावीकडे 17.3, उजवीकडेही 17.3. खाली दुसरा साक्षीदार : पंधरा मीटरवरून खाली यायला पुन्हा 1.73 सेकंद. सर ते वाचत राहिले. मग खुर्चीवर बसले. मग त्यांनी टेबलाच्या खणातून आपला तो घडी पडलेला कागद काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले.

त्यांच्या कागदावर उंची एनर्जीनं तपासलेली होती. रेंजपुढे एकही साक्षीदार नव्हता. आडवा वेग नुसत्या वर जायला लागलेल्या वेळेनंच गुणून मोकळे झाले होते.

"या अल्लाह," सर हळू आवाजात म्हणाले. त्यांचा हळू आवाज म्हणजे काय, हे शेजारच्या मॅडमनाही माहीत नव्हतं. त्यांनी दचकून वर पाहिलं.

"कुशाबाभाऊ, चूक माझी आहे. पोरीचं उत्तर बरोबर आहे. दोन मार्क वाढले, म्हणजे ही पास आहे."

कुशाबाचा चेहरा खुलला. पण हर्षाली तशीच उभी. "राहू द्या सर," ती म्हणाली. "दोन मार्कांनी काय व्हतं? मला न्हाई जमायचं."

"अगं, दोन साक्षीदार तुझ्या बाजूनं उभे होते! माझ्या बाजूनं एकही नव्हता! पेपर हातात आल्यावर माझ्याकडं आली का नाहीस?"

"तुमी सर हाय," ती म्हणाली. "मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं आसंल. येगळं उत्तर आलं तवाच कळायला पायजे व्हतं, का मला येत न्हाई."

वीस-बावीस वर्षं घसा फोडून साक्षीदार साक्षीदार केलं, आणि पोरं शिकली काय, तर सरांचा आवाज मोठा म्हणून सर खरे! त्यांना स्वतःचा असा राग आला की हाताशी खडू असता तर डबाच मोडला असता. आणि समोरच्या पोरीची माया आली.

"चल," ते उठले. "सही मागाहून. आधी वर्गात चल. कुशाबाभाऊ, तुम्हीही या."

वर्गात सरांनी फळ्यावर गणित लिहिलं, खाली आपली तिन्ही उत्तरं लिहिली आणि बाजूला झाले. "यातलं एक उत्तर चुकलंय. आणि ते माझं आहे. कोण सांगतो?"

पहिल्या बाकावरचा स्वराज, ज्याला सगळं येतं, तोही वहीत डोकं घालून बसला. सरांची चूक काढायची म्हणजे वाघाच्या मिशीला हात लावायचा.

"हर्षाली, ये. घाबरू नको. मी आज ओरडणार नाही." मग स्वतःच ओरडले, "ये म्हणतोय ना!" मागच्या बाकांवर कोणीतरी फिस्सकन हसलं. हर्षालीलाही जरासं हसू आलं, आणि ती फळ्याकडं गेली.

तिनं आधी उंची घेतली. "सरळ वर फेकला असता तर वीसच्या वेगानं चेंडू वीस मीटर गेला असता. साठ अंशांना आडवा वेग निम्मा, म्हणजे दहा. वेग निम्मा म्हंजी आडव्याची एनर्जी पाव. ती पाव माथ्यावरबी त्याच्याकडंच राहती, उंचीला मिळत न्हाई. उरली पाऊण. विसाचे पाऊण पंधरा. हे सरांचं बरोबर हाय."

"उपकार झाले," सर म्हणाले. वर्ग हसला. हर्षालीनं खडू घट्ट धरला. आता तिची मान वर होती.

"आता रेंज. आडवा वेग दहा. 1.73 सेकंदांत तो 17.3 मीटर पुढं गेला." तिनं कमान काढली आणि सरांच्या 17.3वर बोट ठेवलं. बोट बरोबर कमानीच्या माथ्याखाली आलं. ती थबकली. मागं वळून सरांकडं बघत म्हणाली, "सर, तुमचा चेंडू अजून वरच हाय."

वर्ग असा फुटला की शेजारच्या वर्गातले मास्तर दारात आले. सर सगळ्यात मोठ्यानं हसत होते, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "पंधरा मीटरवर लटकवून लग्नाला गेलो मी त्याला! आण त्याला खाली, बाई, आण!"

तिनं आणला. माथ्यावर उभा वेग शून्य. तिथून पंधरा मीटर पडायला 1.73 सेकंदच लागतात, जेवढे चढायला लागले तेवढेच. तेवढ्यात आणखी 17.3 मीटर पुढं. एकूण 34.6. मग कोणी सांगितलं नसताना तिनं खाली आणखी एक कमान काढली, बुटकी, तीस अंशांची. "साठ आन् तीस मिळून नव्वद, म्हंजी दोघांची रेंज सारखी यायला पायजे. हितं उभा वेग दहा, हवेत दोन सेकंद, आडवा वेग 17.3." तिनं गुणाकार केला. "34.6."

"सर," मागून तेजस्विनीनं हात वर केला, "माझंपण तेच आलं होतं." मग आणखी एक हात. मग स्वराजनं मान खाली घालून आपला.

"आज सांगताय, लबाडांनो?" सर ओरडले. "इथून पुढं जो माझं चुकलेलं उत्तर गिळून बसेल, त्याला नापास करीन!" आणि ज्यांच्यावर लाल रेघ पडली होती त्यांचे पेपर मागून घेऊन तिथंच दुरुस्त करायला बसले.

घंटा झाली. कुशाबा दारात उभा होता, अर्ज हातात तसाच. त्याला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, पण आपली पोर साठ पोरांपुढं बोलताना त्यानं पहिल्यांदाच ऐकली होती. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्याला लाजही वाटत नव्हती.

"चल पोरी," तो म्हणाला, "सरांची सही घेऊ. गाडी जाईल."

हर्षाली फळा पुसत होती. हाताला, कपाळाला खडू लागलेला. "तुमी व्हा फुडं, पप्पा," ती म्हणाली. "माझा अजून केमिस्ट्रीचा तास हाय."